फ्लॅट विकला, मग ओट्याखालच्या ट्रॉल्या कुणाच्या?

समजा, पुण्यात कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. सोसायटी जुनी, तिसरा मजला, किंमत ९२ लाख. खरेदीदार जोडप्याने घर दोनदा पाहिलं. स्वयंपाकघर तयार, दोन्ही खोल्यांत भिंतीत बसवलेली कपाटं, हॉलला फॉल्स सीलिंग, बाल्कनीला मच्छरजाळी. आपल्याला फक्त रंग काढायचा आहे, अशा हिशेबाने त्यांनी किंमत मान्य केली. जूनमध्ये करारनामा झाला, ऑगस्टमध्ये खरेदीखत नोंदवलं गेलं आणि बँकेचा चेक विक्रेत्याला मिळाला. सामान हलवायला म्हणून विक्रेत्याने आठ दिवस मागून घेतले. नवव्या दिवशी दार उघडलं तेव्हा ओट्याखाली नुसते कडप्प्याचे उभे पाट होते. ट्रॉल्या नाहीत, हॉब नाही, चिमणी नाही. कपाटांचे सांगाडे जागेवर, पण सरकती दारं गायब. एसी, पंखे आणि गिझर गेलेले. बाथरूममधला शॉवर काढून तिथे प्लग ठोकलेला. लाकडी दाराबाहेरचं सेफ्टी डोअरही बिजागऱ्यांसकट उचललेलं.

फोन केला तर विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं असतं: "हे सगळं आम्ही आमच्या पैशाने करून घेतलं होतं. करारात कुठे लिहिलंय की ट्रॉल्या देणार म्हणून?" खरेदीदाराचा प्रश्नही ठरलेला: "मग आम्ही काय नुसत्या भिंती घेतल्या का?"

हा व्यवहार कल्पित असला तरी त्यातलं भांडण अगदी ओळखीचं आहे. दोन्ही बाजू थोड्या चुकतात. विक्रेता चुकतो तो 'लिहिलेलं नाही म्हणजे माझं' या समजुतीत. कायदा उलट सांगतो. स्थावर मालमत्तेच्या विक्रीचे नियम १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहेत. त्याच्या ८ व्या कलमाचा आशय असा की वेगळा हेतू व्यक्त झालेला नसेल, किंवा व्यवहारातून तो अपरिहार्यपणे निघत नसेल, तर मालमत्ता हस्तांतरित होताच तिच्याशी निगडित गोष्टीही नव्या मालकाकडे जातात. त्यात जमिनीशी जोडलेल्या वस्तू आल्या. घराबाबत हे कलम आणखी स्पष्ट आहे. कुलपं, किल्ल्या, गज, दारं, खिडक्या आणि घराबरोबर कायम वापरण्यासाठी पुरवलेल्या इतर सर्व वस्तू घरासोबत जातात. किल्ली भिंतीला चिकटलेली नसते, ती खिशात असते. तरीही ती घराचा भाग आहे, कारण ती त्या दारासाठीच आहे. हे ध्यानात ठेवलं तर पुढचे बरेच वाद सोपे होतात.

'जमिनीशी जोडलेली' म्हणजे काय, हे त्याच कायद्याच्या ३ ऱ्या कलमात आहे. झाडासारखं मुळं धरून असलेलं, भिंत किंवा इमारतीसारखं जमिनीत रोवलेलं, आणि अशा रोवलेल्या गोष्टीला तिच्या कायमच्या लाभदायक उपभोगासाठी जोडलेलं. फ्लॅटमधले बहुतेक वाद या तिसऱ्या प्रकारात येतात. वस्तू भिंतीला जोडलेली आहे, एवढं पुरत नाही. ती कशासाठी जोडली हेही पाहावं लागतं. घर अधिक चांगलं वापरता यावं म्हणून जोडली असेल तर ती घराची. वस्तू स्वतः नीट चालावी, हलू नये, पडू नये एवढ्यासाठी जोडली असेल तर ती जंगम, म्हणजे मालकाने उचलून न्यावी अशी.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये भारती एअरटेलच्या खटल्यात याच कसोट्या पुन्हा मांडल्या. प्रश्न कराचा होता: मोबाइलचा टॉवर स्थावर की जंगम? टॉवर बोल्टांनी पक्का बसवलेला असतो, पण तो वाऱ्याने डळमळू नये म्हणून. तो सुटा करून दुसरीकडे उभारता येतो. जमिनीचा किंवा इमारतीचा उपभोग वाढवणं हा त्याचा हेतू नसतो. म्हणून न्यायालयाने तो जंगम ठरवला. भिंतीवरच्या एसीकडे याच नजरेने पाहावं.

या सगळ्यात 'पैसे कुणी भरले' हा प्रश्न कुठेच येत नाही. विक्रेत्याकडे ट्रॉल्यांची पावती असेलच. टाइल्सची आणि खिडक्यांच्या ग्रिलचीही असेल, पण म्हणून कुणी टाइल्स उखडून नेत नाही. मालकाने स्वतःच्या घरात स्वतःच्या खर्चाने कायमची भर घातली की ती घरात विरते, आणि घर विकताना तिचे पैसे किमतीतच येतात. हा गोंधळ बहुधा भाडेकरूच्या नियमावरून होत असावा. भाडेकरूला १०८ व्या कलमाने वेगळी सवलत आहे. त्याने स्वतः बसवलेल्या वस्तू, ताबा त्याच्याकडे असेपर्यंत, तो काढून नेऊ शकतो. अट एवढीच की जागा मिळाली होती त्या स्थितीत त्याने परत द्यावी. ही सवलत विक्रेत्याला नाही.

आता कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकेक वस्तू पाहू. सगळ्यात मोठा वाद स्वयंपाकघराचा. मॉड्युलर किचनची खोकी भिंतीला स्क्रूने पक्की असतात, वर ग्रॅनाइटचा ओटा असतो आणि ट्रॉल्या पट्ट्यांवरून सरकतात. ट्रॉली हाताने उचलून बाहेर काढता येते, म्हणून ती जंगम, असा युक्तिवाद होतो. माझ्या मते तो टिकत नाही. त्या ट्रॉल्या त्या ओट्याखालच्या मापाने बनवलेल्या असतात, दुसऱ्या घरी त्या बहुधा बसतही नाहीत, आणि त्या काढल्या की उरतं ते स्वयंपाकघर म्हणून अर्धवट असतं. दाराची किल्ली सुटी असून घराची, तशी पट्टीवरची ट्रॉलीही घराची. कपाटांच्या सरकत्या दारांचंही तेच. सांगाडा भिंतीत ठेवून दारं नेणं हे खिडकीची चौकट ठेवून काचा नेण्यासारखं आहे. एकटं उभं असलेलं गोदरेजचं कपाट मात्र विक्रेत्याचं. शंभर वर्षं त्याच कोपऱ्यात उभं असलं तरी ते विक्रेत्याचंच.

हॉब आणि चिमणी यांचा निवाडा इतका सोपा नाही. ओट्यात कापून बसवलेला हॉब काढला तर ग्रॅनाइटमध्ये मोठं भोक राहतं. ओटा त्याच्यासाठीच कापला असल्याने तो घरासोबत जायला हवा, असं म्हणता येतं. पण तो सुटा मिळणारा, विजेवर किंवा गॅसवर चालणारा, कुठेही बसणारा उपकरण-नग आहे, असंही तितक्याच जोराने म्हणता येतं. इंग्लंडच्या अपील न्यायालयासमोर १९९६ मध्ये असाच खटला आला होता. लंडनच्या चेल्सी भागातला एक फ्लॅट कर्ज थकल्याने बँकेने ताब्यात घेतला, आणि आतल्या एकेका वस्तूवर मालक आणि बँक भांडले. न्यायालयाने नळ, शॉवर, टॉवेलचे दांडे, स्वयंपाकघरातली बसवलेली कपाटं आणि सिंक घराचे मानले. फ्रिज, ओव्हनसारखी उपकरणं, गालिचे, पडदे आणि बहुतेक दिवे मालकाचे मानले. आपल्या न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही. पण जोडणी किती आणि कशासाठी, ही विचाराची रीत दोन्हीकडे एकच आहे, आणि उपकरणांबाबत आपल्याकडचा निकालही त्याच दिशेने जाईल असं मला वाटतं. म्हणून हॉब-चिमणीवर खरेदीदाराने कायद्याच्या भरवशावर राहू नये.

त्यामुळे बाथरूममधला शॉवर नेणं सरळसरळ चूक ठरतं. नळ, अँगल कॉक, डायव्हर्टर, कमोड, बेसिन हे सगळं घराचं. गिझरचा निर्णय वेगळा होईल. तो दोन हुकांवर टांगलेला असतो, नळीचे दोन जोड सोडले की खाली येतो, आणि दुसऱ्या घरात तसाच्या तसा चालतो. तो विक्रेत्याने नेला तर चुकलं असं म्हणता येणार नाही. मात्र उघडे राहिलेले पाण्याचे जोड त्याने नीट बंद करून द्यायला हवेत.

पंखे, लोंबते दिवे आणि झुंबर जंगम, पण छतातला हुक, वायरिंग, स्विचबोर्ड आणि एमसीबी घराचे. फॉल्स सीलिंगमध्ये कापून बसवलेले दिवे त्या छताबरोबर जावेत, असं माझं मत आहे, कारण ते काढले की छताला गोल भोकांखेरीज काही उरत नाही. एसीची आतली आणि बाहेरची दोन्ही युनिट्स विक्रेत्याची. भिंतीतून नेलेली तांब्याची नळी मात्र बाहेर ओढून काढायला गेलं तर प्लास्टर फुटतं, म्हणून ती राहते. भिंतीतलं भोक बुजवून देणं हेही एसी नेणाऱ्याचंच काम. जुना विंडो एसी काढून खिडकीत उघडा चौकोन ठेवून जाणारे असतात. पावसाळ्यात त्यातून आत येणारं पाणी विक्रेत्याच्याच खात्यावर धरायला हवं.

राहिलं सेफ्टी डोअर. दार म्हणून कायद्यात नावच घेतलेलं आहे, तेव्हा त्यावर चर्चा नको. ग्रिल, मच्छरजाळीच्या चौकटी, दारावरची कडी-कोयंडे, पडद्यांच्या पक्क्या पट्ट्या घराच्या, पडदे विक्रेत्याचे. देवघर भिंतीत कोरलेलं असेल तर घराचं, टेबलावर ठेवलेलं असेल तर विक्रेत्याचं. कुंडीतली तुळस त्यांनी न्यावी, कुणी हरकत घेऊ नये.

विक्रेता म्हणेल, मूळ बिल्डरने यातलं काहीच दिलं नव्हतं. तो मुद्दा निरुपयोगी नाही, पण तो फक्त उलट बाजूने चालतो. बिल्डरच्या पहिल्या करारनाम्याला सोयीसुविधांची यादी जोडलेली असते: कोणत्या टाइल्स, कोणते नळ, कोणतं दार, किती पॉइंट. त्या यादीतली वस्तू फ्लॅटसोबत विकली गेली होती, याचा तो ठोस पुरावा आहे. ती वस्तू नंतरच्या विक्रेत्याला सहजासहजी आपली म्हणता येणार नाही. यादीत नसलेली वस्तू मात्र केवळ तेवढ्यावरून विक्रेत्याची होत नाही. जुने फ्लॅट घेताना बिल्डरचा मूळ करारनामा मागितलाच जातो. त्याची ती शेवटची पानं वाचावीत.

तारखांनाही महत्त्व आहे. नुसत्या करारनाम्याने मालकी जात नाही, हे त्याच कायद्याच्या ५४ व्या कलमात आहे. मालकी नोंदणीकृत खरेदीखताने जाते. मग जून ते ऑगस्टच्या काळात, मालक तोच असल्यामुळे, विक्रेता काहीही काढू शकतो का? नाही. ५५ व्या कलमाप्रमाणे करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत शहाणा मालक घेईल तेवढी मालमत्तेची काळजी घेणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. विकायला ठरवलेलं घर स्वतःच कमी करत जाणं या कर्तव्यात बसत नाही. खरेदीखत झाल्यावरच्या आठ दिवसांत तर प्रश्नच उरत नाही. त्या आठ दिवसांत घर आणि घराशी जोडलेलं सगळं खरेदीदाराचं झालेलं होतं, विक्रेता फक्त त्याच्या संमतीने तिथे राहत होता.

खरेदीखतात 'आहे तसा फ्लॅट' हे शब्द असतात, आणि विक्रेते त्यांचा आधार घेतात. त्या शब्दांनी खरेदीदार जुन्या फरश्या, गळकी पाइपलाइन, उडालेला रंग स्वीकारतो. पाहणीच्या दिवशी जे होतं ते काढून नेण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. उलट 'आहे तसा' म्हणजे त्या दिवशी होता तसा, हा अर्थ खरेदीदाराच्याच बाजूचा आहे.

कायदा एवढा खरेदीदाराच्या बाजूने असताना तो हतबल का होतो? कारण त्याच्या हातात पुरावा नसतो आणि पैसाही उरलेला नसतो. पोलिस ठाण्यात गेलं तर हा दिवाणी वाद आहे, असं ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त. चोरीसाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून न्यावी लागते, आणि घराचा ताबा तेव्हा विक्रेत्याकडेच होता. महारेरा बिल्डरसाठी आहे, दोन व्यक्तींमधल्या जुन्या फ्लॅटच्या व्यवहारासाठी नाही. उरतो नोटीस आणि नुकसानभरपाईचा दिवाणी दावा. दीड-दोन लाखांच्या वस्तूंसाठी वर्षानुवर्षं न्यायालयात जाण्याची तयारी फार थोड्यांची असते, आणि विक्रेत्याला ते माहीत असतं. म्हणून या प्रश्नाचा खरा निकाल टोकन देण्याआधीच लावून घ्यावा लागतो.

त्याची रीत साधी आहे. कायद्यातले 'वेगळा हेतू' हे शब्द आठवा. दोघांनी वेगळं ठरवलं असेल तर ते चालतं. विक्रेत्याला आईने दिलेलं झुंबर किंवा शिसवी सेफ्टी डोअर न्यायचं असेल तर त्याने ते जरूर न्यावं, पण करारात लिहून. तेव्हा करारनाम्याला दोन याद्या जोडाव्यात. एक घरात राहणाऱ्या वस्तूंची, दुसरी विक्रेता नेणार असलेल्या वस्तूंची. 'फर्निचरसह' असा मोघम शब्द नको. खोलीवार लिहावं: 'स्वयंपाकघर: ओट्याखालच्या सहा ट्रॉल्या, वरची चार कपाटं शटरसह, सिंक व नळ, हॉब, चिमणी'. पाहणीच्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ विक्रेत्यासमोर काढून त्यालाच पाठवावा. संदेशावर तारीख आपोआप पडते. नेणार असलेल्या वस्तूंच्या यादीखाली एक वाक्य असावं की काढताना झालेली भोकं आणि उघडे जोड विक्रेता बुजवून देईल. ताब्याआधी एकदा घर पाहण्याचा हक्क आणि मोकळा ताबा देण्याची अटही लिहावी, कारण उलटा त्रासही होतो. मोडका पलंग आणि जुनी गादी सोडून जाणाऱ्यांचा कचरा उचलण्याचा खर्च खरेदीदाराच्या माथी बसतो.

पैशाचं काय करायचं? कर्ज असेल तर बँक आधी खरेदीदाराचा स्वतःचा हिस्सा भरल्याची पावती मागते, मग आपला चेक देते. त्यामुळे ताब्याच्या दिवसासाठी काही रक्कम राखणं अवघड होतं. पण फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी, सोफा अशा खऱ्याखुऱ्या जंगम वस्तू विकत घ्यायच्या असतील, तर त्यांची किंमत वेगळी असते आणि बँक सहसा त्यावर कर्ज देत नाही. ही रक्कम ताब्याच्या दिवशी, यादी तपासून, दारातच चेकने द्यायची असं ठरवावं. समजा, कोथरूडच्या व्यवहारात अशा वस्तूंचे दीड लाख वेगळे ठरले असते आणि ते ताब्यावर ठेवले असते, तर ट्रॉल्या उचलताना विक्रेत्याने दोनदा विचार केला असता.

याच जागी एक आडवाट दिसते. फ्लॅट ८२ लाखांचा दाखवायचा आणि दहा लाख 'फर्निचर' म्हणून वेगळ्या कागदावर टाकायचे. पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभारांसह सात टक्के धरलं तर सत्तर हजार वाचतात. पण त्या दहा लाखांत मॉड्युलर किचन आणि भिंतीतली कपाटं असतील, तर ती स्थावरच आहेत आणि शुल्क त्यांच्यावरही लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये डंकन्स इंडस्ट्रीजच्या खटल्यात नेमकं हेच ठरवलं. खत कारखान्याची जमीन खरेदीखताने विकली आणि यंत्रं मात्र जंगम म्हणून वेगळी हस्तांतरित केली, असं तिथे म्हटलं होतं. न्यायालयाने जमिनीत रोवलेली ती यंत्रं स्थावर धरली आणि त्यांच्या किमतीवरही शुल्क मान्य केलं. कागदावर वेगळं लिहिल्याने भिंतीतलं कपाट जंगम होत नाही. महाराष्ट्रात बुडवलेल्या शुल्कावर दरमहा दोन टक्के दंड चढतो. शिवाय उद्या तोच फ्लॅट विकताना खरेदीची किंमत ८२ लाखच धरली जाईल आणि भांडवली नफा फुगेल. कर्जही कमी मिळेल. वेगळा कागद फक्त उचलून नेता येणाऱ्या वस्तूंचा करावा, आणि त्यांची आजची वाजवी किंमत लिहावी.

आधीच ताबा घेऊन बसलेल्यांनी काय करावं? जाहिरातीतले फोटो, दलालाचे संदेश, पाहणीचे फोटो गोळा करावेत, पुन्हा ट्रॉल्या आणि दारं बसवण्याचं कोटेशन घ्यावं, आणि वकिलामार्फत एकच नेमकी नोटीस द्यावी. तिच्यात एसी आणि पंखे मागू नयेत. जे मागण्याचा हक्क नाही ते मागितलं की हक्काची मागणीही लंगडी पडते. कोथरूडच्या त्या जोडप्याने ट्रॉल्या, कपाटांची दारं, शॉवर आणि सेफ्टी डोअर एवढंच मागावं. हॉबसाठी तडजोड करावी. गिझर आणि पंखे नवे घ्यावेत.

आणि जे अजून टोकन द्यायचे आहेत, त्यांनी घर बघायला जाताना सोबत एक वही न्यावी. स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी.